मदत हवी आहे: परदेशातील तपासणीनंतर चष्म्याचा नंबर खरोखर वाढला आहे का?

प्रश्नकर्ती: परदेशात आल्यावर मी डोळे नव्याने तपासून घेतले. उजव्या डोळ्याच्या जुन्या चिठ्ठीत स्फेरिकल −२.००, सिलिंडर −१.५०, अ‍ॅक्सिस १८० असे होते. नव्या चिठ्ठीत −३.५०, +१.५०, ९० असे आहे. डाव्याचे जुने आकडे −१.७५, −०.७५, २० आणि नवे −२.५०, +१.००, ११५ आहेत. जुन्या चष्म्यातून मला दूरचे अजूनही स्वच्छ दिसते, त्यामुळे नंबर एवढा वाढला हे पटत नाही. नवा चष्मा कोणत्या चिठ्ठीवरून करावा?

वाटसरू: ही केवळ लिहिण्याची पद्धत आहे. सिलिंडरचे चिन्ह उलटे करा आणि अ‍ॅक्सिस ९० अंशांनी फिरवा, म्हणजे जुना नंबर मिळेल.

चष्मेवाला: वाटसरूंची सर्वांत महत्त्वाची पायरी राहिली आहे. आधी स्फेरिकल आणि सिलिंडर यांची चिन्हांसह बेरीज करायची, तेच नवे स्फेरिकल. त्यानंतर चिन्ह आणि अ‍ॅक्सिस. उजव्यासाठी −३.५० आणि +१.५० मिळून −२.००, सिलिंडर −१.५०, अ‍ॅक्सिस १८०, म्हणजे नंबर तसूभरही बदललेला नाही. बेरीज गाळली तर काच दीड नंबराने जास्त उणे होईल, आणि गंमत अशी की तरुण डोळा जोर लावून त्यातूनही स्पष्ट पाहतो, म्हणून चूक पहिल्या दिवशी कळतही नाही. पुढे वाचताना डोळे शिणतात आणि डोके दुखते. डावा मांडला की −१.५०, −१.००, २५ येतो.

नीलकमळ: मलाही हाच अनुभव आला. चष्म्याच्या चिठ्ठीवर कॉन्टॅक्ट लेन्स मागवल्या, तर दुकानाने नकारच दिला.

चष्मेवाला: तो प्रश्न वेगळा आहे. लेन्सच्या चिठ्ठीत वक्रता आणि व्यासही लागतो, आणि मोठ्या नंबरात काच डोळ्यापासून दूर असल्याचा फरकही धरावा लागतो.

प्रश्नकर्ती: म्हणजे डाव्या डोळ्यात पाव नंबर आणि पाच अंश एवढाच फरक उरला. तो खरा मानावा का?

चष्मेवाला: तोच डोळा दुसऱ्या दिवशी तपासला तरी पाव नंबर इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे केवळ कागदावरून ते ठरवता येणार नाही. तपासणीच्या खोलीत चाचणीच्या चौकटीत आधी जुना आणि मग नवा नंबर बसवून मागा आणि थोडे चालून पाहा. चिठ्ठीवर दोन बाहुल्यांमधील अंतर नसेल, तर तेही त्याच वेळी मोजून घ्या.

वाटसरू: बेरजेचे मान्य. तरीही जुन्या चष्म्यातून स्वच्छ दिसत असेल, तर मी लेन्समीटरवर त्याचाच नंबर काढून त्यावर काच बनवली असती.

चष्मेवाला: उजव्यासाठी दोन्ही एकच आहे. डाव्यासाठी मी आधी चाचणीची चौकट लावून पाहीन.