पत्र्याखालचं पीव्हीसी सीलिंग फुगतं – क्लिपवर बसवताना कडेला जागा किती सोडावी?

रानवाट:
नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ आमचं घर आहे, वर रंगीत पत्रा. गेल्या वर्षी डिसेंबरात पुढच्या खोलीला पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग करून घेतलं. कारागिराने प्रत्येक पॅनेल रिपेवर स्क्रूने घट्ट आवळलं आणि भिंतीकडची फट सिलिकॉनने बंद केली. दिसायला काम सुबक होतं. पण एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर सीलिंगला मधोमध पोट यायला लागलं. संध्याकाळी ते उतरायचं, तेव्हा वर कटकट आवाज यायचा. मे महिन्यात दोन पॅनेलमधला जोड उसवला आणि एक कड खाली लोंबू लागली.

आता मागची खोली मी आणि मेहुणा मिळून करणार आहोत, जानेवारीत. खोली १० बाय १२. पॅनेल १० इंच रुंद, ८ मिमी जाड, १० फुटांच्या बाजूने टाकायची. रिपा दीड इंच बाय पाऊण इंच पाइनच्या, १६ इंचांवर मारून झाल्या आहेत. या वेळी पत्र्याच्या छोट्या क्लिपा मिळवल्या आहेत. विचारायचं ते असं: कडेला नेमकी किती जागा सोडू? क्लिपवर सीलिंग टिकेल का? आणि कॉर्नर पट्टी कोपऱ्यात कशी कापू? आमचा एकही कोपरा गुण्यात नाही.

साईटवाला:
जागा सोडायलाच हवी, १० मिमी सोडा, डोकं चालवायची गरज नाही. पण क्लिपच्या भानगडीत पडू नका. स्क्रू तो स्क्रू, पॅनेल हलतच नाही. आणि सिलिकॉन काढू नका, ते लवचिक असतं, फुगवटा पोटात घेतं. तुमचं पॅनेल हलकं असणार, जाड घेतलं असतंत तर हा प्रश्न आला नसता.

रंधा:
साईटवाला, जागा सोडा हे तुमचं बरोबर आहे, पण बाकीच्याने ती सोडलेली जागा वायाच जाते. पॅनेल हलत नाही हीच तर अडचण आहे. पीव्हीसी उन्हाने लांब होणारच. प्रत्येक रिपेवर आवळलेलं पॅनेल कडेकडे सरकू शकत नाही, मग ते दोन रिपांच्या मधे खाली पोट काढतं. कडेला बोटभर जागा असली तरी तिथवर पोचणार कसं? जाड पॅनेल कडक असतं, पोट थोडं उशिरा काढतं, पण लांबी तेवढीच वाढते. आणि सिलिकॉन ताणाला लवचिक असलं, तरी अरुंद फटीत गच्च भरल्यावर दाबाखाली फारसं जागा देत नाही.

रानवाट, क्लिपचा उपयोग इथेच. क्लिप रिपेला पक्की, पण पॅनेलच्या कडेची जी पातळ पट्टी असते ती फक्त खालून धरते. पॅनेल पडत नाही आणि लांबीत सरकतं. क्लिप ठोकून झाल्यावर पॅनेल दोन्ही हातांनी लांबीच्या दिशेने ढकलून बघा. थोडा जोर लावून सरकलं पाहिजे. अजिबात सरकलं नाही तर क्लिप चेपली गेली आहे, स्क्रू अर्धा फेरा सैल करा. रिप पाऊण इंचाची आहे, म्हणजे स्क्रू १६ मिमीचा पुरे, आधी बारीक भोक पाडा नाहीतर पाइन चिरतं. प्रत्येक रिपेवर एक क्लिप, एकही गाळू नका.

जागेचा आकडा देतो, पण आधी दोन गोष्टी सांगा. कॉर्नर पट्टी भिंतीला लावल्यावर, पॅनेलची टोकं तिच्या ज्या खाचांत शिरतात त्या समोरासमोरच्या दोन खाचांच्या तळांमधलं अंतर किती? आणि खाच किती खोल आहे?

मृण्मयी:
मीही याच चक्रात आहे. पुण्यात फ्लॅटच्या बाथरूमचं सीलिंग करायचं आहे, गीझर वर झाकला जाणार. पाण्याच्या वाफेने पॅनेल फुगतं ना? मग मी किती जागा सोडू?

रंधा:
मृण्मयीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पीव्हीसी ओलाव्याने फुगत नाही, उष्णतेने वाढतं. पाच-सहा फुटांच्या बाथरूमला दोन्ही टोकांना एकेक सूत ठेवलंत तरी चालेल. तुम्ही गीझरच्या दुरुस्तीसाठी उघडता येणारं दार ठेवा आणि रिपा लाकडाच्या नकोत, ॲल्युमिनियमच्या घ्या.

रानवाट:
रंधादादा, पट्टीचे दोन तुकडे भिंतीला धरून तीन ठिकाणी मोजलं. एका कडेला ३०४०, मधे ३०४६, दुसऱ्या कडेला ३०३६ मिमी. खाच १८ मिमी खोल आहे.

रंधा:
छान मोजलंत. म्हणजे प्रत्येक पॅनेल त्याच्या त्याच्या जागेवर मोजून कापायचं, एका मापाने सगळी कापू नका.

आता ३०४० चं उदाहरण घेऊ. पीव्हीसी एक मीटरला, एका अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं. जानेवारीत सकाळी दहा-अकराला खोलीत २५ अंश धरा. मे महिन्यात पत्र्याखाली ५० सहज होतात. फरक २५ अंश, म्हणून ३.०४ मीटरचं पॅनेल साधारण ५.३ मिमी वाढेल. मापात इकडेतिकडे होतं त्यासाठी थोडं जास्त धरून ८ मिमी कमी कापा, म्हणजे ३०३२. दोन्ही टोकांना चार-चार मिमी, सव्वा सुतासारखं.

उलट बाजूही बघायला हवी, ती लोक विसरतात. थंडीत पहाटे १४ अंशांवर हेच पॅनेल सव्वादोन मिमी आखडेल. खाचेतून बाहेर आलं तर कड उघडी पडते. तुमची खाच १८ आहे, पॅनेल १४ मिमी आत राहील. समजा सगळं एका बाजूला सरकलं, तरी दुसऱ्या टोकाला १० मिमी आत उरतं आणि आखडल्यावरही पावणेआठ मिमी. चिंता नाही. खाच १० मिमीची असती तर मी नको म्हणालो असतो.

पॅनेल आदल्या दिवशीच त्या खोलीत आडवी ठेवा. उन्हातून आणलेलं पॅनेल लगेच मोजलंत तर ते आधीच वाढलेलं असतं.

वऱ्हाडी:
आमच्याकडे अकोल्यात बाहेरच ४५ असतात, पत्र्याखाली हात लावू शकत नाही. ५० वर थांबू नका. माझ्या दुकानात जागा सोडूनही पॅनेल मऊ पडून दोन रिपांच्या मधे झोल आला, कारण रिपा दोन फुटांवर होत्या. नंतर पत्र्याखाली चंदेरी फॉइलचा फोम लावला आणि मधे एकेक रिप वाढवली, तेव्हा थांबलं. कडेला जागा सोडून फक्त लांबीचा प्रश्न सुटतो, मऊ पडण्याचा नाही.

रंधा:
हे अगदी खरं. रानवाट, तुमच्या रिपा १६ इंचांवर आहेत ते चांगलं. फोम लावता आला तर सीलिंगच्या आधी लावा, नंतर हात पोचणार नाही. पत्रा आणि सीलिंगमधली हवा निघायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा.

रुंदीबद्दल एक राहिलं. जोड बसवताना लोक पॅनेल लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून घट्ट करतात. १० इंचाचं पॅनेल त्याच उन्हात रुंदीत अर्धा मिमीच्या आसपास वाढतं. हाताच्या तळव्याने दाबून बसेल तेवढंच बसवा. क्लिपा एकाच कडेला असल्याने प्रत्येक पॅनेल आपापली वाढ त्या जोडात जिरवतं.

रानवाट:
एक कळत नाही. पट्ट्या आधी लावल्या तर ३०३२ चं पॅनेल दोन्ही खाचांत शिरणार कसं?

रंधा:
एक टोक खाचेच्या तळापर्यंत ढकला. दुसऱ्या बाजूला साधारण १० मिमी जास्त भरतं. मेहुण्याला पॅनेल मधोमध चार इंच खाली वाकवून धरायला सांगा, दुसरं टोक आत जातं. मग पॅनेल सोडून मधे आणा. शेवटचं अरुंद पॅनेल आधी भिंतीकडच्या पट्टीत पूर्ण आत सरकवायचं आणि मग मागे ओढून जोडात घालायचं, म्हणून ते रुंदीत पाच मिमी कमी कापा. ओढायला कागदी चिकटपट्टी चिकटवून हँडल करा.

मृण्मयी:
आणि कोपऱ्याचं? माझ्याकडे मायटर बॉक्समध्ये कापलं तरी फट येते.

रंधा:
मायटर बॉक्स ४५ अंशच देतो, भिंत तसं ऐकत नाही. दोन्ही भिंतींना समांतर, पट्टीच्या रुंदीवर, पेन्सिलने सीलिंगच्या पातळीत कार्डबोर्डवर रेघा मारा. त्या जिथे छेदतात तिथून भिंतींच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा, तोच तुमचा काप. तो पट्टीवर उतरवून घ्या.

दुसरं म्हणजे पूर्ण पट्टी तिरकी कापू नका. पट्टीला दोन पाती असतात, खालचं दिसणारं आणि वरचं पॅनेलच्या मागे जाणारं. तिरका काप फक्त खालच्या पात्याला. एका पट्टीचं वरचं पातं कोपऱ्यापासून पट्टीच्या रुंदीएवढं सरळ कापून टाका. नाहीतर दोन वरची पाती एकमेकांवर चढतात, खाच अडते आणि कोपऱ्यातलं पॅनेल आत जातच नाही. बारीक दातांचं हॅकसॉ ब्लेड वापरा, दिसणारी बाजू वर ठेवा, उरलेला भुसा पॉलिश पेपरने काढा.

भिंतीला स्क्रू मारताना पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा. पट्टीही वाढते. १२ फुटांची बाजू तशीही दोन तुकड्यांत येईल, त्या जोडात दोन मिमी सोडा.

साईटवाला:
मी कोपऱ्यावर तयार प्लास्टिकचा तुकडाच बसवतो, खाली फट लपते आणि पट्टीला जागाही मिळते. तिरका काप घट्ट बसवलात तर मे महिन्यात तोही उघडेल.

रंधा:
यात तुमचं म्हणणं मान्य. दिसायला मला तिरका काप आवडतो, पण पत्र्याच्या घराला तुमचा तुकडा जास्त सुरक्षित आहे.

वऱ्हाडी:
मी प्रत्येक पॅनेलला मधल्या रिपेवर एकच स्क्रू मारला आहे. मग वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते, एका बाजूला सरकत जात नाही.

रंधा:
काही जण असं करतात. माझ्या मते खाच १८ मिमीची असताना गरज नाही, क्लिपच्या पकडीने पॅनेल फार सरकत नाही. पण खाच उथळ असेल तर मारा. फक्त एकच, तोही दर पॅनेलला मधल्याच रिपेवर.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. फोम आधी, कोपऱ्यावर तयार तुकडे, कापण्याआधी प्रत्येक जागेचं माप, असं ठरवतो. मधल्या स्क्रूचं मी आणि मेहुणा पहिल्या तीन पॅनेलना मारून आणि पुढच्यांना न मारता बघणार आहोत, मे महिन्यात फरक कळेल. एक अडलंय: पंख्याची दांडी वरच्या लोखंडी पाइपातून खाली येते. दांडीभोवती पॅनेलला भोक किती मोठं ठेवू, आणि त्यावर झाकण पंख्याच्या कपानेच होईल का?

रंधा:
दांडीच्या चारही बाजूंनी किमान १० मिमी मोकळं ठेवा. कप दांडीला आवळा, पॅनेलला नाही, आणि पॅनेलपासून कागद जाईल एवढा खाली. पंख्याचा हादरा पॅनेलला लागला की क्लिपा खडखडतात. दांडी पॅनेलच्या जोडावर येत असेल तर कळवा, तेव्हा पहिलं पॅनेल किती रुंद ठेवायचं ते बदलावं लागेल.