हत्तींची झुंड का नाही?

नारायणपेठी: मुलगी चौथीत आहे. समूहदर्शक शब्दांच्या स्वाध्यायात तिने ‘हत्तींची झुंड’ लिहिलं, बाईंनी खोडून ‘कळप’ केलं. तिचा प्रश्न असा की टीव्हीवर सगळे झुंडच म्हणतात, मग चुकलं काय? शिवाय माकडांची टोळी, मग हत्तींची का नाही? मला नीट सांगता आलं नाही.

चष्मिश: सोप्पं आहे. हत्तीचा चीत्कार, घोड्याचं खिंकाळणं, गाईचं हंबरणं. आमच्या वेळी हे पाठच असायचं.

नारायणपेठी: अहो, आवाज नाही विचारले, समूह विचारलेत.

निवृत्त मास्तर: टीव्हीवरची झुंड हिंदीतली. हिंदीत ती हरणांचीही असते आणि त्यात वाईट काही नाही. मराठीत मात्र झुंड म्हटलं की चाल करून येणारे, बेभान झालेले लोक दिसतात. झुंडशाही, झुंडबळी हे शब्द त्यातूनच आले. शांतपणे चरणाऱ्या हत्तींना तो शब्द लावला की ते आता कुणाच्या तरी अंगावर येणार असं वाटतं. ते पिकात घुसले तर ‘झुंडीने आले’ म्हणता येईल. बाईंनी खोडलं ते बरोबर, पण कारण सांगायला हवं होतं.

टोळीचं वेगळं. टोळीला म्होरक्या लागतो आणि काहीतरी उद्योग लागतो, बहुधा दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारण्याचा. दरोडेखोरांची टोळी, तशीच वानरांची. त्यांच्यात हुप्प्या असतो आणि समोर कुणाची तरी पेरूची बाग असते. चरणाऱ्यांचा कळप, धाड घालणाऱ्यांची टोळी, एवढं मुलीला सांगा.

दौंडवाला: खिल्लारचं काय करायचं? पुस्तकात ‘गाईंचे खिल्लार’ छापतात. खिल्लार ही जात आहे हो, सोलापूर-सांगलीकडची, लांब शिंगांची. आमच्याकडे बैलजोडी होती. पुस्तकच चुकीचं आहे.

निवृत्त मास्तर: जात आहे हे खरं, पण पुस्तकही बरोबर आहे. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप हा अर्थ आहेच. तो आता बोलण्यातून गेलाय आणि जातीचं नाव तेवढं उरलंय, म्हणून पुस्तकातलं चुकल्यासारखं वाटतं.

सासवडची सून: मेंढरांचं कुणी लिहिलं नाही. स्वाध्यायात ‘मेंढ्यांचा कळप’ असेल आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे दिवाळीनंतर धनगर येतात तेव्हा सासरे म्हणतात, “वाडा आलाय, रानात बसवू.” वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं, सगळं बिऱ्हाड. खतासाठी रात्री मेंढरं शेतात बसवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, कुणी घर बांधायला आलंय.

निवृत्त मास्तर: छान आठवण केलीत. तांड्याचंही तसंच. लमाण बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या चालत्या बिऱ्हाडाला तांडा म्हणत. आता लमाण एका जागी राहतात, तरी वस्तीचं नाव तांडाच. म्हणून ओझं घेऊन एकामागून एक निघालेल्या उंटांचा तांडा. तेच उंट मोकळे चरत असतील तर मी कळप म्हणेन. स्वाध्यायात अर्थातच तांडाच लिहावा, मार्क जायला नकोत.

चष्मिश: मग कोंबड्यांचं खुराडं, मधमाश्यांचं पोळं.

सासवडची सून: ती घरं झाली. खुराडं रिकामंही असतं.

निवृत्त मास्तर: मधमाश्यांना मोहोळ म्हणा. दगड लागला की मोहोळ उठतं. पोळं तिथंच फांदीला लटकलेलं राहतं.

भिगवणफेरी: माझी अडचण वेगळी आहे. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी शेकड्यांनी उभे असतात, चोच बुडवून. फोटोखाली ‘थवा’ लिहिलं तर मित्र म्हणाला, थवा उडतो, हे उभे आहेत. मग काय लिहू, कळप?

निवृत्त मास्तर: कळप नको. थवा शब्दात उडणं आहे हे मलाही पटतं, पण ‘थवा उतरला’ असं आपण म्हणतोच ना? उतरल्यावर तो लगेच थवा असायचा थांबत नाही.

दौंडवाला: मी तर घोळका म्हणेन. पोरं टपरीवर उभी असतात तसेच उभे राहतात ते.

भिगवणफेरी: घोळक्यात सगळे एकमेकांकडे तोंड करून असतात. हे सगळे खाली बघतात.

नारायणपेठी: मुलीला वाचून दाखवलं. हत्तींचं पटलं. रोहित पक्ष्यांना ‘थवा’ म्हणते, पण उडेपर्यंत थांबून फोटो काढा म्हणते. आता विचारतेय, माशांना काय म्हणायचं?

दौंडवाला: आमच्याकडे पाटीभर म्हणतात.