मदत हवी आहे : ताप चढल्यावर वक्र उजवीकडे सरकतो, तो रुग्णाच्या फायद्याचा की तोट्याचा?

सुरंगी, रत्नागिरी
मी परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताप, वाढलेला कार्बन डायऑक्साइड, वाढलेली आम्लता आणि तांबड्या पेशींतील जास्तीचे २,३-डीपीजी यांमुळे ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा वक्र उजवीकडे सरकतो आणि याच्या उलट घडले की डावीकडे, हे मला पाठ आहे. उजवीकडे सरकणे म्हणजे हिमोग्लोबिनची पकड सैल होणे, हेही समजते. पण पकड सैल झाली, तर फुप्फुसातही ऑक्सिजन कमीच धरला जाईल. मग पेशींना तो जास्त मिळतो असे का म्हणतात? आमच्या वॉर्डात न्यूमोनियाचा एक रुग्ण दाखल झाला तेव्हा ताप १०४, धमनीतील ऑक्सिजनचा दाब ५० आणि ऑक्सिमीटरवर ७८ होते. त्याला या सरकण्याचा उपयोग झाला असेल का?

जांभा
उजवीकडे सरकणे नेहमी फायद्याचेच असते. गणपतीत स्टँडवर एवढी गर्दी असते की एसटी कशीही असली तरी भरूनच निघते. पुढे गावोगावी माणसे जितकी सहज उतरतील तितके बरे. फुप्फुस म्हणजे स्टँड आणि पेशी म्हणजे गावे.

वेंगुर्लेकर काकी
माझ्या आईचे हिमोग्लोबिन ७ आहे, परंतु ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. म्हणजे तिला ऑक्सिजन पुरेसा मिळतो, असे समजावे का?

भरतीओहोटी
काकी, ऑक्सिमीटर असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरले आहे, एवढेच सांगतो. गाड्याच निम्म्या असल्या तरी प्रत्येक गाडी भरलेली दिसेल. अशा वेळी पेशींतील २,३-डीपीजी वाढून वक्र थोडा उजवीकडे जातो आणि फुप्फुसे चांगली असल्यास त्याचा आधार मिळतो, पण कमतरता त्याने भरून निघत नाही. तिच्या रक्तक्षयाचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्या.

जांभा यांची उपमा सुंदर आहे, परंतु स्टँडवर गर्दी असेपर्यंतच खरी. वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, कारण हिमोग्लोबिनच्या चार जागांपैकी एक भरली की उरलेल्यांची ओढ वाढते. त्यामुळे मध्यभाग उभा आणि वरचा भाग जवळजवळ सपाट असतो. निम्मे हिमोग्लोबिन भरण्यासाठी एरवी सुमारे २७ दाब लागतो; १०४ तापात केवळ उष्णतेमुळे तो सुमारे ३१ होतो.

आता हिशेब करू. निरोगी फुप्फुसात दाब १०० असताना हिमोग्लोबिन ९७ टक्के भरते आणि परतीच्या रक्तात, ४० दाबाला, ७५ उरते; म्हणजे २२ उतरले. ताप असलेल्या वक्रावर हेच आकडे ९६ आणि ६७ होतात, म्हणजे २९ उतरले. वरचा भाग सपाट असल्यामुळे चढताना एकच गमावला, पण उतरताना आठ मिळाले. धमनीतच दाब ५० असेल, तर नेहमीच्या वक्रावर ८५ भरते आणि सरकलेल्या वक्रावर ७८. परतीचे ४० तेच धरले, तर १० च्या जागी ११ उतरतात. फायदा जवळजवळ विरला. दाब आणखी घसरून धमनीत ४० आणि परतीला २० झाला, तर दोन्ही वक्र सारखेच, सुमारे ४३ उतरवतात, आणि त्याखाली सैल पकड नडू लागते. म्हणून सुरंगी, तुमची शंका योग्य आहे, पण ५० दाबाला तोटा अजून सुरू झालेला नाही.

मात्र एक विचारतो. रक्तवायूचे यंत्र नमुना ३७ अंशांवर मोजते. रुग्णाचे तापमान त्यात भरले होते का? ते भरले नसेल, तर वरची जुळणी लागू पडत नाही.

सुरंगी, रत्नागिरी
अहवालात तापमानाच्या रकान्यात ३७ छापले आहे.

भरतीओहोटी
मग गोष्ट बदलते. ३७ अंशांवर ५० दाब असेल, तर संपृक्तता ८५ च्या आसपास यायला हवी. त्या वेळी ७८ कसे? रुग्णाच्या शरीरात ४० अंशांवर दाब प्रत्यक्षात ५८ च्या घरात असणार, आणि त्या सरकलेल्या वक्रावरही ८५ च्या जवळपासच येते, कारण नमुना थंड झाला तरी भरलेले हिमोग्लोबिन बदलत नाही. एक तर रक्ताची आम्लता वाढलेली असेल, नाहीतर बोट गार पडून ऑक्सिमीटरने कमी दाखवले असेल. तो जोरजोरात श्वास घेत असेल, तर कार्बन डायऑक्साइड उतरून वक्र उलट डावीकडे ओढला जाईल, म्हणजे ७८ चे कोडे अधिकच अवघड. पीएच किती होता?

जांभा
म्हणजे माझी एसटी कुठे बंद पडली, ते समजले. पण ५८ दाबाला तरी स्टँडवर गर्दी आहे असे म्हणावे की नाही?

सुरंगी, रत्नागिरी
श्वास मिनिटाला ३२ होता. पीएचची ओळ माझ्या टिपणात नाही. सोमवारी फाइल पाहून येथे लिहिते.