मदत हवी आहे: ‘१५ मिनिटांत ऑफर बंद’, हा टायमर खरा की बनाव, कसं ओळखायचं?

निपाणीकर_पोरगा
बाबांना फवारणीचा बॅटरी पंप घ्यायचाय. मोबाईलवर जाहिरात आली, त्यातून एका साईटवर गेले. वर लाल पट्टीत उलटा टायमर, खाली ‘फक्त ३ नग शिल्लक’ आणि ‘आत्ता २७ जण बघत आहेत’. आधी पैसे भरले तरच सवलत, घरी पोचल्यावर पैसे द्यायचे तर पूर्ण किंमत. बाबांची नुसती घाई चाललीय.

मी म्हटलं खोटं असेल. त्यांनी पान रिफ्रेश करून दाखवलं, तर टायमर ९ मिनिटांवर होता तिथूनच पुढं चालला. “बघ, खोटा असता तर पहिल्यापासून सुरू झाला असता की!” आता यावर काय सांगू? आणि खोटा निघाला तर कर्नाटकातून तक्रार कुठं करायची?

सीमावासी
सोपं आहे. मोबाईलचा डेटा बंद करा. तरी टायमर चालू राहिला तर शंभर टक्के खोटा.

खानापूरचा_कोडवाला
सीमावासी, तसं नाही हो. खरा टायमरसुद्धा डेटा बंद केल्यावर चालतो. संपायची वेळ एकदा कळली की उरलेली वजाबाकी फोनच करतो.

निपाणीकर, बाबांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. अशा साईटवर साधारण असं काहीतरी असतं:

```js
let end = Number(localStorage.getItem("end"));
if (!end) {
  end = Date.now() + 15*60*1000;
  localStorage.setItem("end", end);
}
```

म्हणजे तुम्ही पहिल्यांदा पान उघडलं त्या क्षणात १५ मिनिटं मिळवायची आणि ती वेळ तुमच्याच ब्राउझरमध्ये जपून ठेवायची. रिफ्रेश केल्यावर तीच वेळ परत वाचली जाते, म्हणून टायमर पुढं चालतो आणि माणसाला खरा वाटतो. दुकानदाराच्या ऑफरशी त्याचा काही संबंध नाही.

पारख अशी करा. तीच लिंक तुमच्या फोनवर किंवा इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. खरी ऑफर सगळ्यांसाठी एकाच घड्याळी वेळेला संपते. बाबांच्या फोनवर ७:२५ ला संपणार असेल आणि तुमच्याकडं पुन्हा १५ मिनिटं दिसत असतील, तर विषय मिटला.

शहापूरची_ताई
मग बसचं तिकीट काढताना येतो तो टायमरपण खोटाच म्हणायचा काय? मागं माझी सीट गेली होती!

खानापूरचा_कोडवाला
नाही ताई, तो खरा असतो. तेवढा वेळ ती सीट तुमच्यासाठी अडवून ठेवतात, म्हणूनच गेली.

अथणी_चप्पलवाला
मी स्वतः ऑनलाईन चपला विकतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. साईट बनवून देणाऱ्याने टायमर आयताच बसवून दिला होता. सेटिंगमध्ये ‘संपल्यावर पुन्हा सुरू’ असा पर्याय आधीपासून टिक केलेला. मी काढायला लावला. पण ‘फक्त २ शिल्लक’ आमच्याकडं खरंच असतं, ८ नंबरचे दोनच जोड उरलेत तर काय लिहू? मोठ्या साईटवर तर पिनकोड बदलला की आकडा बदलतो. निपाणीला ‘२ शिल्लक’ आणि कागलला भरपूर, असंही होईल, कारण गोदाम वेगळं.

निपाणीकर_पोरगा
माझ्या फोनवर उघडलं. १४:५९! बाबा गप्पच झाले. मग ‘फक्त ३ नग’वाल्या पंपाचे १० कार्टमध्ये टाकून बघितले, तेपण बिनबोभाट गेले.

खानापूरचा_कोडवाला
कार्टचा पुरावा थोडा कच्चा आहे. काही साईट साठा पैसे भरतानाच तपासतात. टायमरचा पक्का. दोन्ही फोनचे स्क्रीनशॉट ठेवा, घड्याळ दिसेल असे.

वकीलकाका_बेळगाव
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाईन युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्यात. तेरा प्रकारांच्या यादीत खोटी घाई पहिलीच आहे. साठा आहे त्यापेक्षा कमी दाखवणं, खोटी गर्दी दाखवणं, दोन्ही त्यात येतं, म्हणजे तुमचे ते २७ जणसुद्धा, खोटे असतील तर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा. पुढं खरेदी होऊन वाद झालाच, तर ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच दावा लावता येतो. विक्रेता गुजरातेत असला म्हणून तिकडं जावं लागत नाही.

शहापूरची_ताई
१९१५ ला कन्नडात बोलायला लागतं काय?

वकीलकाका_बेळगाव
नाही हो, मराठी आहे, कन्नडही आहे. निपाणीकर, साईटच्या तळाशी कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दिलाय का बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे द्यावाच लागतो.

निपाणीकर_पोरगा
नुसता एक जीमेल आहे काका. पत्ता नाही, नाव नाही. पैसे भरले नाहीत, बाबा उद्या बाजारात पंप बघतो म्हणतात. पण पत्ताच नसलेल्याविरुद्ध तक्रार घेतली तरी नोटीस धाडणार कुणाला? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.