ऑडिओबुकचं सदस्यत्व बंद करताना तुमच्या क्रेडिटांचं आणि पुस्तकांचं काय झालं? (अनुभव धागा)

सायली_ठाणे
लोकलचा प्रवास सुटला, घरून काम सुरू झालं आणि माझं ऐकणंही थांबलं. ऑडिबलचे महिन्याला 199 रुपये मात्र जात राहिले. आता 4 क्रेडिटं साठली आहेत, लायब्ररीत 11 पुस्तकं दिसतात आणि सगळी फोनवर उतरवलेली आहेत. 14 तारखेला पुढचे पैसे कापले जातील, त्याआधी बंद करायचंय. क्रेडिटं जातील का? पुस्तकं राहतील का? ज्यांनी हे केलंय त्यांनी जे घडलं ते सविस्तर लिहा.

नाशिककर
मी वेगळ्या कंपनीचं घेतलं होतं, तिथेही महिन्याला एक क्रेडिट मिळायचं. माझी 5 शिल्लक होती. आधी रद्द केलं, म्हटलं पुस्तकं सावकाश निवडू. रद्द करताना एक लांबलचक सूचना आली होती, ती न वाचताच 'पुढे' दाबलं. मुदत संपली त्या दिवशी शिल्लक शून्य. मदतकक्षाला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा नियमांचा तोच परिच्छेद परत आला. हजारभर रुपये पाण्यात गेले, अजून चुटपुट लागते.

वाचनवेडा
कशाला घाबरता? पुस्तकं फोनमध्ये उतरवलीत ना, मग ती तुमचीच. मी एका ॲपचं सदस्यत्व संपल्यावर नेट बंद ठेवून ऐकत होतो, छान चालत होतं.

अनघा_जोशी
वाचनवेडा, किती दिवस चाललं? उतरवलेली फाईल कुलूपबंद असते. तिची किल्ली तुमच्या खात्याकडे असते आणि ॲप मधूनमधून नेटवर जाऊन ती तपासतं. म्हणून फाईल फोनमध्ये आहे की नाही, यावर काहीच ठरत नाही. पुस्तक कुठल्या वाटेने आलं, त्यावर ठरतं.

सायली, तुमच्या 11 मध्ये दोन जातींची पुस्तकं असणार. क्रेडिट किंवा पैसे देऊन घेतलेली सदस्यत्व संपल्यावरही खात्यात राहतात, फोन बदलला तरी परत उतरवता येतात. सदस्यत्व आहे तोवर मोफत ऐकायला मिळणारी मात्र बंद होतात, मग ती उतरवलेली का असेनात. ॲपच्या लायब्ररीत दोन्ही शेजारीशेजारी बसतात, तिथे गल्लत होते. वेबसाईटवर `Purchase History` उघडा. विकत घेतलेली तिथे सापडतील.

क्रेडिटं सदस्यत्वाबरोबर जातात, म्हणून आधी चारही वापरा, मग बंद करा. घाईत काहीही उचलू नका. नमुना ऐकून आवाज पटला तरच घ्या, कारण न आवडलेलं पुस्तक परत करायची सोय सदस्यांनाच असते. आणि सदस्यत्व बंद करायचं, खातं नाही. खातंच काढून टाकलंत तर घेतलेली पुस्तकंही गेली.

वाचनवेडा
खरंय, आठवडाभरानंतर एकदा नेट चालू केलं आणि सगळ्यावर कुलूप आलं. मला वाटलं फोन बिघडला.

मडगावची_मुलगी
माझं ई-पुस्तकांचं आहे, इथे चालेल ना? किंडल अनलिमिटेड बंद केलं तेव्हा भरलेला महिना संपेपर्यंत वाचता आलं, मग उसनी घेतलेली सगळी पुस्तकं परत गेली. त्यात क्रेडिट हा प्रकारच नाही, एका वेळी 20 पर्यंत पुस्तकं ठेवता येतात. धाकधूक होती ती खुणा केलेल्या ओळींची. कोंकणी शब्दांवरच्या माझ्या टिपा होत्या. त्या ॲमेझॉनच्या खात्यात शाबूत सापडल्या.

बाबांचा_मुलगा
आमच्या बाबांनी ॲप फोनमधून काढून टाकलं आणि म्हणाले, "झालं बंद." सहा महिने 149 रुपये जात होते. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी यायचा, पण तो इंग्रजीत, ते पुसून टाकायचे. शेवटी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत ते नाव दिसलं. आधी वेबसाईटवरून सदस्यत्व रद्द केलं, मग ऑटोपेही काढलं.

सायली_ठाणे
अनघाताई, मनापासून आभार. काल रात्री बसले. 11 पैकी 7 विकत घेतलेली निघाली, 4 मोफतवाली. तीन क्रेडिटं वापरली, चौथ्यासाठी दोन नमुने ऐकले आणि एकाही आवाजात मन रमलं नाही. मग आईला विचारलं, तिने एक चरित्र सांगितलं, ते घेतलं. चारही नव्या पुस्तकांची नावं `Purchase History` मध्ये पाहिली आणि मगच `Cancel membership` दाबलं. मोफतवाल्यांपैकी एकाचे दोन तास उरलेत. 13 पर्यंत भांडी घासताना तेच ऐकते आहे.

न्यूजर्सीकर
माझा प्रश्न जरा वेगळा. माझी पुस्तकं अमेरिकेतल्या खात्यावर आहेत आणि पुढच्या वर्षी पुण्याला परततोय. कोणी खात्याचा देश बदललाय का? शिल्लक क्रेडिटं तिकडे चालली का?