मदत हवी आहे: अंधार पडला की पीओई स्विचवरचा एक ॲक्सेस पॉइंट बंद पडतो

अभ्यासिका_ताई

नमस्कार. आमच्या गावातल्या अभ्यासिकेचं कामकाज मी बघते. स्पर्धा परीक्षांची मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. गेल्या वर्षी ८ पोर्टचा पीओई स्विच बसवला. त्यावर पाच बुलेट कॅमेरे, फाटकावर एक फिरता कॅमेरा आणि दोन ॲक्सेस पॉइंट आहेत. सगळ्यांना वीज नेटवर्कच्या केबलमधूनच जाते, वेगळं काही जोडलेलं नाही.

दिवसभर सगळं सुरळीत असतं. संध्याकाळी मुलींच्या खोलीतला ॲक्सेस पॉइंट बंद पडतो. दोन-तीन मिनिटांनी दिवा लागतो, मुलींचे फोन जोडले जातात आणि पुन्हा बंद. झोपायची वेळ होईपर्यंत हेच. आधी वाटलं ॲक्सेस पॉइंटच गेला, म्हणून दुसऱ्या खोलीतला तिथे लावून बघितला. तोही तसाच. मग ८ नंबरच्या पोर्टवरची केबल २ नंबरला घातली आणि तिथल्या कॅमेऱ्याची ८ नंबरला. आता ॲक्सेस पॉइंट चालू राहिला, पण तो कॅमेरा बंद पडायला लागला. म्हणजे ८ नंबरचा पोर्ट खराब म्हणायचा का? मग दिवसा तो कसा चालतो? मुलींचे सराव पेपर ऑनलाइन असतात, मध्येच तुटले की पुन्हा पहिल्यापासून.

कोकणी_माणूस

माझ्याही ॲक्सेस पॉइंटचं असंच झालं होतं. इंजेक्टर बदलला आणि धूर आला. तुमच्या स्विचपेक्षा साधा २४ व्होल्टचा इंजेक्टर घ्या, भानगड नको.

तारजोड

दादा, तुमची गोष्ट वेगळी. तुमचा ॲक्सेस पॉइंट २४ व्होल्टचा असणार आणि नवा इंजेक्टर न विचारता ४८ व्होल्ट सोडणारा. ताईंचा स्विच `802.3at`चा असेल, तर तो आधी समोरच्या उपकरणाला चाचपतो आणि ओळख पटल्यावरच वीज सोडतो. त्यांच्याकडे २४ व्होल्टचा इंजेक्टर आणला तर त्यांचे कॅमेरे बहुधा चालूच होणार नाहीत.

ताई, दोन गोष्टी सांगा. बंद पडायची वेळ रोज तीच असते का? आणि स्विचच्या अडॅप्टरवर काय छापलंय?

अभ्यासिका_ताई

वेळेचं तुम्ही विचारलंत म्हणून वही काढली. मे महिन्यात सव्वासातच्या सुमारास तक्रारी आहेत, दिवाळीनंतर सहा-सव्वासहाच्या. अडॅप्टरवर `53.5V 1.31A` आहे. स्विचच्या खोक्यावर एकूण पीओई ६५ वॅट लिहिलंय.

हिशेबी_मास्तर

इथेच फसवणूक झाली. एका पोर्टला १५.४ वॅट लागतात. ८ पोर्टचे १२३ वॅट झाले. ६५ वॅटचा स्विच ८ पोर्टला विकायलाच नको होता. बदला तो.

तारजोड

मास्तर, ६५ हा सगळ्या पोर्टांचा मिळून आकडा आहे, हे तुमचं बरोबर. पण १५.४ ही `802.3af`मध्ये एका पोर्टने देण्याची कमाल मर्यादा आहे, प्रत्येक उपकरण तेवढं खात नाही. आठही पोर्टांवर साधे चार-चार वॅटचे कॅमेरे असते, तर हाच स्विच निम्म्या बजेटमध्ये चालला असता.

ताई, तुमच्या वहीतच उत्तर आहे. बंद पडायची वेळ सूर्यास्ताबरोबर सरकतेय. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा दिवसाच्या जवळपास दुप्पट वीज ओढू लागतो. स्विचच्या वेब पानावर पीओईचा विभाग असेल, तिथे प्रत्येक पोर्टचे वॅट दिसतात. दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा लिहून काढा. डेटाशीटवरचा आकडा उपकरणाजवळचा असतो, स्विचवरचा त्याहून थोडा जास्त दिसतो, कारण केबलमध्ये थोडी वीज जाते. म्हणून हिशेब स्विचवरच्या आकड्यांनीच करा.

अभ्यासिका_ताई

काल दोन्ही वेळा बसून लिहिले. दुपारी बुलेट कॅमेरे चार-चार वॅटचे, म्हणजे २०. फिरता ८. दोन ॲक्सेस पॉइंट मिळून १६. एकूण ४४.

साडेसातला बुलेट कॅमेरे प्रत्येकी ७, म्हणजे ३५. फिरता १४. पहिला ॲक्सेस पॉइंट ८. एवढ्यातच ५७ झाले आणि ८ नंबर बंद होता. मी बघत असताना तो चालू झाला, आधी ५ वॅट, एकूण ६२. मुलींचे फोन जोडले गेले तसा ७, मग ८, आणि पोर्टचा पीओईचा दिवा विझला. बाकी सात तसेच हिरवे.

तारजोड

इतकी नीट नोंद क्वचित कोणी देतं. पोर्ट खराब नाही. ६५च्या वर गेलं की स्विच कोणाला तरी सोडतो आणि प्राधान्य सारखंच असेल तर बऱ्याच स्विचमध्ये शेवटच्या नंबरचा बळी जातो. तो गेला की पुन्हा ५७, म्हणजे जागा दिसते, म्हणून परत देतो, परत ओलांडतो.

त्या पानावर पोर्टचं प्राधान्य बदलता येतं. `High` केलं तर मुलींचा वायफाय टिकेल, पण मग एखादा कॅमेरा जाईल. बजेट त्याने वाढत नाही, कोण उपाशी राहणार एवढंच ठरतं.

म्हणून सगळ्यात जास्त खाणारा बाहेर काढा. फिरत्या कॅमेऱ्याला `802.3at`चा ३० वॅटचा वेगळा इंजेक्टर द्या आणि स्विचच्या त्या पोर्टची पीओई बंद करा. मग रात्री ३५ आणि १६, एकूण ५१ राहतील. इंजेक्टर मात्र त्याच यूपीएसवर लावा, नाहीतर लाइट गेली की फाटकच आंधळं होईल.

हिशेबी_मास्तर

त्यापेक्षा जास्त ॲम्पिअरचा अडॅप्टर लावला तर?

तारजोड

नाही मास्तर. ६५ची मर्यादा स्विचच्या आतच ठरवलेली असते. मोठा अडॅप्टर लावून ती हलत नाही, आणि व्होल्टेज चुकलं तर स्विच जाईल. उद्या आणखी कॅमेरे लावायचे असतील तर १२० वॅटच्या आसपासचा स्विच घ्यावा, इथे तुमचं पटतं. घेताना डेटाशीटवरचे रात्रीचे कमाल आकडे जोडायचे आणि वर थोडी जागा सोडायची.

वायरमन_सातारा

एक विचारायचं होतं. काही स्विच खरा खप न बघता उपकरणाच्या वर्गानुसार वीज राखून ठेवतात ना? आमच्याकडे दोन ॲक्सेस पॉइंट लावले आणि ६० वॅट गेलेच, खात होते जेमतेम १५.

तारजोड

हो, चौथ्या वर्गाचं उपकरण असेल तर असा स्विच त्याच्यासाठी ३० वॅट बाजूला ठेवतो. पण तसं असतं तर ताईंचे शेवटचे पोर्ट भर दुपारीही चालू झाले नसते. तुमच्या स्विचवर खऱ्या खपाप्रमाणे वाटप करायचा पर्याय आहे का ते बघा, सगळ्यांत नसतो.

अभ्यासिका_ताई

इंजेक्टर बसवून तीन रात्री झाल्या. ८ नंबर एकदाही बंद पडला नाही, काल सगळ्या मुलींचे पेपर पूर्ण झाले. मनापासून आभार.

एक मात्र उरलंय. मागच्या बोळातला ३ नंबरचा कॅमेरा रात्री अजूनही एकदा-दोनदा बंद होऊन चालू होतो. तेव्हा एकूण ५१च दिसतात. त्याची केबल सगळ्यात लांब, साधारण ८५ मीटर.

वायरमन_सातारा

ताई, केबलचं टोक कापून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमकली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तिचा रोध जास्त, त्यामुळे इन्फ्रारेड लागल्यावर कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज खाली येतं.

तारजोड

तसं असू शकतं, पण कनेक्टरमध्ये ओल गेली तरी असंच दिसतं. आधी तो कॅमेरा काढून स्विचशेजारी दोन मीटरच्या केबलवर रात्रभर लावा, वर कापड टाका म्हणजे इन्फ्रारेड लागेल. तिथे टिकला तर दोष वाटेत आहे.

अभ्यासिका_ताई

रविवारी शिडी मिळेल. कॅमेरा उतरवते आणि तारही खरवडून बघते, मग इथेच लिहिते.