‘मीडियन फिल्टर’ला मराठीत काय म्हणायचं?

निफाडकर: ठिबकच्या प्रेशर सेन्सरची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. ‘मध्यगा गाळणी’ चालेल का? आणि मधूनच एखादं रीडिंग उसळतं, त्याला ‘उडी’ लिहिलंय.

गणितवाली: मध्यगा त्रिकोणाची असते. इथे ‘मध्यक’ हवा. ‘मध्य’ मात्र चुकूनही लिहू नका, शाळेच्या पुस्तकात मध्य म्हणजे सरासरी, अर्थ उलटाच होईल.

पंचवटी_९: एवढा काथ्याकूट कशाला? मध्यक काय, सरासरी काय, दोन्ही रीडिंगला सपाटच करतात. ‘सरासरी गाळणी’ लिहा, शेतकऱ्याला कळेल.

सातपूरचा फिटर: सपाट दोन्ही करतात, पण सारखं नाही. प्रेशर किलोमध्ये घेऊ. एक व्हॉल्व्ह बंद झाला की १.२ वरून २.० वर जातं:

```
१.२  १.२  ९.०  १.२  १.२  २.०  २.०
```

तीन-तीन रीडिंग घेऊन सरासरी काढली, तर ९.० च्या जागी ३.८ येतं आणि त्याच्या आजूबाजूची दोन चांगली रीडिंगही ३.८ होतात. म्हणजे खोटं एक होतं, आता तीन झाली. शिवाय २.० ला पोचताना वाटेत १.४७ आणि १.७३ दिसतात, जे प्रेशर कधी नव्हतंच. मध्यक काढायचा तर तिन्ही लहान-मोठी लावून मधलं उचलायचं: १.२, १.२, ९.० यातलं मधलं १.२. चढाच्या जागी १.२, २.०, २.० यातलं मधलं २.०. उसळी गेली, पायरी जिथल्या तिथे.

म्हणून ‘उडी’ नको. १.२ वरून २.० हीसुद्धा उडीच की! उसळीला ‘काटा’ म्हणा, टिकणाऱ्या बदलाला ‘पायरी’.

निफाडकर: आमच्याकडे मोटर सुरू होताना लागोपाठ दोन काटे येतात. तीनची खिडकी पुरत नाही.

सातपूरचा फिटर: नाहीच पुरणार, तिघांत दोन खोटे म्हणजे बहुमत त्यांचंच. पाचची घ्या. पण मग दोन रीडिंगपुरतं खरंच चढलेलं प्रेशरही पुसलं जाईल. आणि चालू रीडिंगवर पाचचा मध्यक पुढची दोन येईपर्यंत निघत नाही. दर १० सेकंदांना रीडिंग असेल तर २० सेकंद उशीर. त्याआधी सेन्सरची वायर मोटरच्या केबलला चिकटून आलीय का ते बघा.

गणितवाली: ‘पायरी जिथल्या तिथे’ नेहमी खरं नाही हं. काटा पायरीला खेटून आला तर? ९.०, १.२, २.० यातलं मधलं २.०. पायरी एक रीडिंग आधीच चढली.

सातपूरचा फिटर: बरोबर. आणि सगळीच रीडिंग थोडी थोडी थरथरत असतील, काटे नसतील, तर सरासरी जास्त साफ करते. तिथे पंचवटीकरांचंच खरं.

पंचवटी_९: बघा! पण ‘मध्यक गाळणी’ म्हटलं की डोळ्यासमोर चहाच येतो.

निफाडकर: ‘मध्यक फिल्टर’ लिहितो मग. ठिबकवाल्याला फिल्टर रोजचाच आहे.

गणितवाली: तिथेच घोळ होईल! त्याच पुस्तिकेत जाळीचा फिल्टरही असणार ना?